बिल थकलंय, आता काय लिहू? फ्रीलान्सर मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी पुण्यात राहून इंग्रजीतून मराठीत अनुवादाची कामं करते. डिझायनर, कॉपी लिहिणारे, फोटोग्राफर, आवाज देणारे अशा ओळखीच्या आणि अनोळखी लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझंच एक बिल उदाहरण म्हणून वापरलंय. मुंबईतल्या एका एजन्सीसाठी शेती अवजारांच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद केला होता. 24,000 शब्द, शब्दाला अडीच रुपये, एकूण 60,000. एजन्सी 10 टक्के टीडीएस कापते, म्हणजे हातात येणार 54,000. काम आणि बिल दोन्ही 4 ऑगस्ट 2025 ला मेलने गेलं. तीस दिवसांत पैसे देऊ, असं त्यांच्याच मेलमध्ये लिहिलेलं होतं.

1. मुदत संपली की लगेच विचारायचं, की थोडं थांबायचं?

दोन-तीन कामाचे दिवस थांबा, त्याहून जास्त नको. माझी मुदत 3 सप्टेंबरला संपली. ते गणपतीचे दिवस होते आणि अनंत चतुर्दशी 6 तारखेला, शनिवारी होती. त्या आठवड्यात पाठवलेला मेल कुणीही उघडला नसता, म्हणून मी सोमवारी 8 तारखेला सकाळी लिहिलं. सणवार बघून दिवस निवडणं ठीक आहे. पण ‘आता दिवाळी आलीच आहे, झाल्यावर बघू’ असं आपणच म्हणत बसलो तर समोरच्याला घाई कशाला वाटेल? भीड भिकेची बहीण म्हणतात ते याच बाबतीत.

2. पहिल्या मेलमध्ये नेमकं काय लिहू? रागावल्यासारखं वाटायला नको.

पहिल्या मेलला तक्रारीचा सूरच नसावा. बहुतेक वेळा बिल कुठेतरी अडकलेलं असतं आणि ज्यांच्याशी आपण बोलतो त्यांना ते माहीतही नसतं. म्हणून पैसे मागण्यापेक्षा बिल कुठे आहे ते विचारावं. मी लिहिलेला मेल हा:

> नमस्कार मॅडम,
> माहितीपुस्तिकेच्या अनुवादाचं बिल (क्र. 14, दि. 4 ऑगस्ट) 3 सप्टेंबरला देय होतं. टीडीएस वजा जाता 54,000 रुपये येणं आहे. बिल सोबत पुन्हा जोडलं आहे.
> ते अकाउंट्समध्ये कोणत्या टप्प्यावर आहे आणि पेमेंट कोणत्या तारखेला होईल, एवढं कळवाल का? माझ्याकडून काही कागद हवा असल्यास आजच पाठवते.

यात ‘त्रास देते, माफ करा’ नाही, ‘जमल्यास बघा’ नाही आणि घरच्या अडचणीही नाहीत. मुलाची फी भरायची आहे म्हणून पैसे द्या, असं लिहिलं की हक्काच्या पैशाची मदत होऊन जाते. बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम मात्र प्रत्येक मेलमध्ये हवी. जुना मेल शोधायला लावला की उत्तर आणखी दोन दिवस लांबतं.

3. ज्यांनी काम दिलं त्यांना लिहायचं की अकाउंट्सला?

पहिला मेल काम देणाऱ्या व्यक्तीला. दुसरा त्यांनाच, पण अकाउंट्सला प्रत लावून. तिसरा, म्हणजे ठाम पत्र, दोघांना आणि मालकाला किंवा विभागप्रमुखाला. एकदम मालकाला लिहिलं तर ज्यांच्याकडून पुढचं काम यायचं, तेच दुखावतात.

माझ्या बाबतीत 16 सप्टेंबरच्या दुसऱ्या मेलला अकाउंट्सने उत्तर दिलं. बिलावर पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी-आदेशाचा क्रमांक, नसल्यामुळे त्यांनी ते नोंदवलंच नव्हतं! मॅडमना याची कल्पना नव्हती आणि मला पीओ नंबर कुणी दिलाच नव्हता. सहा आठवडे ते बिल नुसतं बाजूला पडून होतं.

4. अकाउंट्सवाले म्हणतात, ‘आजच्या तारखेचं नवीन बिल पाठवा.’ पाठवू?

नको. पीओ नंबर, पॅन, बँकेचा तपशील, जे राहिलं असेल ते भरून द्या, पण बिलाचा क्रमांक आणि मूळ तारीख तीच ठेवा. नवीन तारीख टाकली की त्यांच्या हिशेबात तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मी त्याच दिवशी दुरुस्त प्रत पाठवली आणि सोबत एक ओळ लिहिली: ‘पीओ नंबर घातला आहे. काम 4 ऑगस्टला पोचलं असल्याने बिलाची तारीख तीच ठेवली आहे.’ त्यावर कुणी वाद घातला नाही. सिस्टीम जुनी तारीख घेतच नाही असं सांगितलं, तर नव्या बिलावर ‘4 ऑगस्टच्या बिल क्र. 14 ऐवजी, देय तारीख 3 सप्टेंबर’ असं लिहा. तुम्ही जीएसटी भरत असाल तर बिल बदलण्याआधी सीएला विचारा, कारण पहिलं बिल तुमच्या विवरणपत्रात गेलेलं असू शकतं.

5. फोन करावा की मेलच पुरे?

फोन जरूर करा, कारण कित्येक गाठी फोनवर दोन मिनिटांत सुटतात. फक्त फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मेल टाका: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे पेमेंट शुक्रवारी, 26 तारखेला होणार आहे. धन्यवाद.’ फोनवरचा शब्द पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. व्हॉट्सॲपवर समोरच्याला बोलायची सवय असेल तर तिथेही चालेल, पण कामाच्या वेळेत. रात्री साडेदहाला ‘सर?’ एवढाच मेसेज टाकून निळ्या टिकांची वाट बघत बसणं आपल्याच तब्येतीला बरं नाही.

6. दोनदा लिहिलं, ‘पुढच्या सायकलमध्ये होईल’ एवढंच उत्तर. आता ठाम पत्र कसं लिहू?

‘पुढची सायकल’ ही तारीख नव्हे. ठाम पत्रात चार गोष्टी लागतात: आतापर्यंत काय झालं त्याचा तारीखवार क्रम, येणं रक्कम, एक नेमकी शेवटची तारीख आणि त्या तारखेनंतर तुम्ही काय करणार ते. शेवटची गोष्ट खरी असायला हवी. जे करणार नाही ते लिहू नका. मी 24 सप्टेंबरला पुढचं पत्र पाठवलं, त्यातल्या उद्यम, 45 दिवस आणि सुविधा परिषदेचा खुलासा प्रश्न 7 आणि 9 मध्ये आहे:

> विषय: बिल क्र. 14, रु. 54,000, 1 ऑक्टोबरपर्यंत पेमेंटबाबत
>
> नमस्कार,
> माहितीपुस्तिकेचा अनुवाद मी 4 ऑगस्टला सुपूर्द केला. त्याबद्दल कोणतीही हरकत आलेली नाही. ठरल्याप्रमाणे पेमेंट 3 सप्टेंबरला देय होतं. 8 आणि 16 सप्टेंबरला मी याबद्दल लिहिलं आणि आपण मागितलेली दुरुस्ती त्याच दिवशी करून दिली. पेमेंटची तारीख अजून कळलेली नाही.
> माझा व्यवसाय उद्यमखाली सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे. नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. एमएसएमईडी कायदा, 2006 नुसार या बिलाची कमाल 45 दिवसांची मुदतही 18 सप्टेंबरला संपली.
> कृपया बुधवार, 1 ऑक्टोबरपर्यंत 54,000 रुपये जमा करावेत. तोपर्यंत पेमेंट न झाल्यास मी सुविधा परिषदेकडे अर्ज करेन आणि त्यात कायद्यानुसार व्याजही मागेन. ती वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे. काही अडचण असल्यास लेखी कळवावं, मार्ग काढू.

एक ऑक्टोबर का? दोन तारखेला दसरा होता, गांधी जयंतीही त्याच दिवशी. सुट्टीच्या आदल्या दिवसाची मुदत अकाउंट्सच्या डोक्यात राहते. सात दिवस पुरतात. तीन दिवस दिले तर धमकीसारखं वाटतं, पंधरा दिले तर विसरायला वेळ मिळतो. ‘फसवणूक’, ‘पोलीस’, ‘बदनामी’ हे शब्द पत्रात कुठेही येऊ देऊ नका. उशिरा दिलेलं बिल सहसा दिवाणी प्रकरण असतं आणि फौजदारीची धमकी दिली तर ते पत्र उद्या तुमच्यावरच उलटू शकतं.

7. हे 45 दिवसांचं काय प्रकरण आहे? मी तर एकटाच काम करतो.

एकट्या माणसालाही लागू होतं, फक्त उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, हवी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅनवर. पैसे मागणाऱ्या खासगी साइटच्या नादी लागू नका. अनुवाद, डिझाइन, फोटोग्राफी या सेवा त्यात बसतात. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र उशिरा पेमेंटबद्दलच्या या तरतुदींचा फायदा मिळत नाही.

एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याचा हिशेब असा. लेखी मुदत ठरली असेल तर ती, पण कशीही ठरली तरी 45 दिवसांपेक्षा जास्त नाही. करारात 90 दिवस लिहून घेतले असले तरी 45च. लेखी काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. आणि हे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसतात, काम स्वीकारल्यापासून मोजायचे असतात. काम पोचल्यावर पंधरा दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर काम पोचलं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं धरतात. माझं काम 4 ऑगस्टला गेलं, हरकत आली नाही, म्हणून 45वा दिवस 18 सप्टेंबर. काम पाठवल्याचा मेल किती मोलाचा, ते यावरून कळेल.

एक गोष्ट आधीच करून ठेवा. नोंदणी काम सुरू होण्यापूर्वीची असावी. पैसे थकल्यावर नोंदणी केली आणि जुन्या कामासाठी हा कायदा पुढे केला, तर समोरचा वकील पहिल्यांदा तेच काढतो. नोंदणी झाल्यावर तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

8. या कायद्याने त्यांना खरंच काही फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचं कारण आयकरात आहे. वित्त कायदा 2023 ने आलेल्या आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे (जुन्या आयकर कायद्यातलं कलम 43बी(एच)) सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल वरच्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. म्हणजे मुदत उलटलेलं बिल 31 मार्चलाही थकलेलंच असेल, तर त्या वर्षी कंपनीला त्या रकमेवर जादा कर बसतो.

यातला बारकावा बरेच जण विसरतात. मुदत चुकली पण पैसे त्याच आर्थिक वर्षात दिले, तर कंपनीचं आयकरात काही नुकसान होत नाही. त्यामुळे सप्टेंबरमध्ये या मुद्द्याला फार धार नसते, फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र भरपूर असते. जुनी थकबाकी असेल तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अकाउंट्सला उद्यम प्रमाणपत्रासह एक शांत मेल टाका. त्यांचे ऑडिटर नाहीतरी ही यादी मागणारच असतात.

9. सुविधा परिषद म्हणजे कोर्टच ना? वकील लागेल?

कोर्ट नव्हे. एमएसएमईडी कायद्याखाली राज्य सरकारने नेमलेली ही परिषद आहे. ती आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही जमला तर प्रकरण लवादात जातं. अर्ज सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येतो, आणि वकील सक्तीचा नाही. आपल्यासाठी मोठी सोय म्हणजे पुरवठादार जिथे आहे तिथल्या परिषदेकडे जाता येतं. क्लायंट दिल्लीचा असला तरी पुण्याच्या माणसाला महाराष्ट्रातल्याच परिषदेकडे अर्ज करता येतो. परदेशी क्लायंटला मात्र हे लागू नाही. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

आता दुसरी बाजू. कायद्यात निकालासाठी 90 दिवस लिहिले असले तरी प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. आठ-दहा हजारांच्या बिलासाठी मी तरी या वाटेला जाणार नाही. पुष्कळदा अर्जाची नुसती नोटीस पोचल्यावर फोन येतो.

10. व्याज मागावं का? किती होतं?

या कायद्यात रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज आहे. माझ्या बिलाच्या वेळी बँक रेट 5.75 टक्के होता, तिप्पट म्हणजे वर्षाला 17.25. 54,000 वर पहिल्या महिन्याचे साधारण 776 रुपये झाले. या रकमेने कुणी श्रीमंत होत नाही. म्हणून मी व्याजाचा उल्लेख तिसऱ्या पत्रात केला, मागणीत मात्र घातलं नाही. ते सोडायची तयारी असली की समोरच्याला मुद्दल देऊन सन्मानाने सुटता येतं. परिषदेकडे गेलात तर व्याज नक्की मागा.

11. ‘आमच्याच क्लायंटने पैसे दिले नाहीत, ते आले की देऊ’ म्हणतात.

एजन्सीचं हे ठेवणीतलं उत्तर. तुमचा व्यवहार एजन्सीशी झाला, पलीकडच्या कंपनीशी नाही. करारात ‘वरून पैसे आल्यावर’ अशी अट तुम्ही मान्य केली नसेल, तर ते तुमच्या बिलाचं कारण होऊ शकत नाही. उत्तर एका वाक्यात द्या: ‘आपली अडचण समजते, पण माझं बिल आपल्याशी झालेल्या व्यवहाराचं आहे, ते ठरलेल्या तारखेप्रमाणे मिळावं.’ खरोखर अडचण असेल तर हप्ते देऊ करा, तारखांसह आणि लेखी. लहान एजन्सीची तंगी खरीही असते, हे मी पाहिलंय.

पलीकडच्या कंपनीला परस्पर मेल करायचा मोह होतो. एजन्सीला शेवटचं पत्र गेलेलं नसताना तरी तो आवरा.

12. दोन महिने गप्प होते, पैसे मागितल्यावर कामात चुका निघाल्या!

आधी चुका मागून घ्या: पान, ओळ, काय बदलायचं. खऱ्या असतील तर दोन दिवसांत दुरुस्त करून द्या, त्यात कमीपणा नाही. पण त्याच मेलमध्ये नोंदवा की काम अमुक तारखेला दिलं होतं, पंधरा दिवसांत हरकत आली नव्हती (प्रश्न 7 पाहा), आणि दुरुस्तीमुळे देय तारीख बदलत नाही. ‘क्वालिटी बरोबर नाही’ एवढंच मोघम सांगत असतील आणि तुमचं काम छापून बाजारात आलेलं असेल, तर छापील पानाचा फोटो जोडा. माझ्या एका डिझायनर मैत्रिणीने ‘आवडलं नाही’ म्हणून नाकारलेल्या कामाचा दुकानावर लागलेला बोर्डच जोडला होता.

13. पुढचं काम त्यांचंच चालू आहे. थांबवू का? फाइल अडवून ठेवू?

चालू काम थांबवू शकता, पण आधी सांगून: ‘बिल क्र. 14 चं पेमेंट झालं की पुढचा भाग सुरू करते.’ मधेच गायब झालात तर तुमचीच चूक दिसते. न दिलेलं काम रोखणंही ठीक. दिलेल्या कामात हात घालणं, म्हणजे वेबसाइट बंद पाडणं, पासवर्ड बदलणं किंवा शेअर केलेली फाइल पुसणं, अजिबात नको. त्यातून तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

स्वामित्वहक्काचा मुद्दा खरा आहे, पण जपून वापरा. नोकरीत नसलेल्या लेखकाचा किंवा अनुवादकाचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो आणि तो लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोला मात्र उलटा नियम आहे: वेगळा करार नसेल तर हक्क काढवून घेणाऱ्याचा. पुढच्या करारात ‘पूर्ण पेमेंट झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ एवढी ओळ घाला.

14. थोडेच पैसे पाठवले आणि ‘फुल अँड फायनल’ लिहिलं. घेऊ का?

पैसे घ्या, पण त्याच दिवशी लिहा: ‘आज 20,000 रुपये मिळाले, धन्यवाद. ही अंशतः रक्कम आहे, 34,000 बाकी आहेत.’ गप्प राहिलात तर तडजोड मान्य केली असं म्हणायला जागा मिळते. माझ्या बिलात हेच झालं. 30 सप्टेंबरला 20,000 आले, सोबत ‘बाकीचं बघू’. मी 1 ऑक्टोबरला वरच्यासारखं उत्तर दिलं आणि तारीख मागितली. 17 ऑक्टोबर कळली. त्या दिवशी, दिवाळीच्या तोंडावर, 34,000 जमा झाले. परिषदेकडे जावं लागलं नाही.

15. टीडीएस कापलाय पण पैसे आले नाहीत, असं होतं का?

होतं, आणि ते आपल्या उपयोगाचं आहे. टीडीएस पैसे देताना किंवा बिल वहीत नोंदवताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. तुमच्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदींच्या पानावर, त्या क्लायंटची नोंद दिसत असेल, तर त्यांनी बिल हिशेबात धरलेलं आहे. मग ‘बिलच मिळालं नाही’ हे कारण टिकत नाही. तेवढं पान पत्राला जोडा. मात्र क्लायंटचं टीडीएस विवरणपत्र तिमाहीनंतर भरलं जातं, त्यामुळे नोंद उशिरा दिसते.

16. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. काही हाती लागेल?

लागेल. दर, काम आणि ‘छान झालंय’ असा एखादा मेसेज असेल तर पुष्कळ झालं. चॅट एक्सपोर्ट करून मेलवर ठेवा आणि तो फोन विकू नका. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ यंत्र हाताशी असलेलं बरं. आजच एक मेल पाठवून रक्कम आणि काम नमूद करा. त्यावर ‘हो, करतो’ एवढं उत्तर आलं तरी येणं मान्य झाल्याचा कागद तयार होतो.

17. किती जुनं बिल मागता येतं?

दाव्यासाठी साधारण तीन वर्षं. त्या मुदतीत समोरच्याने लेखी आणि सहीनिशी देणं मान्य केलं, किंवा काही रक्कम भरल्याची त्याची लेखी नोंद असेल, तर तीन वर्षं तिथून नव्याने मोजतात. मुदत संपल्यावर आलेल्या कबुलीचा तसा उपयोग नाही. तुमच्या नुसत्या आठवणीच्या मेलने ही मुदत वाढत नाही, म्हणून अडीच वर्षं ओलांडली असतील तर वकिलाकडे जा.

चेक दिला आणि तो वटला नाही, तर वेळ फार कमी असतो. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. इथे मात्र प्रकरण फौजदारी आहे. ‘परत टाकतो, या वेळी वटेल’ असं ऐकत महिना घालवू नका.